लायकमिंगच्या तळघरातलं आइस्क्रीम: चार आकड्यांचा आढावा

साथरोगशास्त्राच्या वर्गात चार स्लाइड एकामागून एक येतात: इन्सिडन्स, प्रिव्हॅलन्स, रिलेटिव्ह रिस्क आणि ऑड्स रेशो. प्रत्येकीवर एक व्याख्या, एक सूत्र आणि एक वेगळं उदाहरण. इन्सिडन्ससाठी हिवताप, प्रिव्हॅलन्ससाठी मधुमेह, रिलेटिव्ह रिस्कसाठी धूम्रपान आणि ऑड्स रेशोसाठी एखादा दुर्मीळ कर्करोग. उदाहरण बदललं की भागाकारातला छेद बदलतो, आणि तो बदलल्याचं स्लाइडवर कुठे लिहिलेलं नसतं. विद्यार्थी सूत्रं पाठ करतो, परीक्षेत गणित सोडवतो, आणि पुढे एखाद्या शोधनिबंधात ‘ऑड्स रेशो २३’ दिसला की ‘आजाराची शक्यता २३ पट’ असं बिनदिक्कत लिहून टाकतो. हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. ते का चुकतं हे समजण्यासाठी चारही आकडे एकाच घटनेतून काढून पाहावे लागतात. घटना छोटी हवी, माणसं मोजता येतील एवढीच हवीत, आणि कुणी काय खाल्लं याची नोंद हवी. अशी एक साथ शिकवण्याच्या साहित्यात अनेक दशकं वापरात आहे. ती आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली, ऑस्वेगो परगण्यातली, १९४० सालची.

१८ एप्रिल १९४० च्या संध्याकाळी लायकमिंग नावाच्या खेड्यात चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण होतं. पदार्थ गावकऱ्यांनीच आपापल्या घरून करून आणले होते. जेवण संध्याकाळी सहाला सुरू झालं आणि रात्री अकरापर्यंत चाललं. टेबलांवर सगळं मांडून ठेवलेलं, ज्याला हवं त्याने हवं तेव्हा घ्यायचं. भाजलेलं हॅम, पालक, कुस्करलेला बटाटा, कोबीचं सॅलड, जेली, पाव, केक, कॉफी, आणि शेवटी व्हॅनिला व चॉकलेट अशी दोन आइस्क्रीम. त्याच रात्री लोकांना मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली. ताप कुणालाच नव्हता. २४ ते ३० तासांत सगळे बरे झाले. १९ एप्रिलला स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याने सिरॅक्यूजच्या जिल्हा कार्यालयाला कळवलं आणि तिथून डॉ. ए. एम. रुबिन यांना चौकशीला पाठवण्यात आलं.

जेवणाला ८० माणसं आल्याचं कळलं. त्यांपैकी ७५ जणांना गाठून विचारता आलं, आणि त्यांत ४६ जण आजारी पडलेले निघाले. जेवणाला न गेलेले घरचे लोक मात्र ठणठणीत होते. इथून पुढचं सगळं गणित या ७५ माणसांचं आहे.

पहिला प्रश्न असा: या जेवणाला गेलेल्या माणसाला आजारी पडण्याची जोखीम किती होती? ४६ भागिले ७५, म्हणजे ६१.३ टक्के. हाच इन्सिडन्स. अशा छोट्या, काही तासांत आटोपणाऱ्या साथीत त्याला अटॅक रेट म्हणतात. अंशात फक्त नव्याने आजारी पडलेले लोक येतात, आणि छेदात सुरुवातीला निरोगी असलेले, पण आजारी पडू शकत होते असे लोक. स्लाइडवर ‘नवीन रुग्ण’ हे शब्द ठळक केलेले असतात, म्हणून सगळं लक्ष अंशाकडे जातं. प्रत्यक्ष चौकशीत घाम काढतो तो छेद. आपल्याकडे महाप्रसादातून किंवा लग्नाच्या पंगतीतून विषबाधा झाल्याची बातमी येते तेव्हा तीत ‘दीडशे जणांना बाधा’ एवढंच असतं. दीडशेपैकी दीडशे की दोन हजारांपैकी दीडशे, हे समजल्याशिवाय त्या आकड्यातून जोखीम निघत नाही. लायकमिंगमध्ये गावातल्या सगळ्यांना छेदात घेतलं असतं तर अटॅक रेट पार खाली आला असता, आणि त्याला काही अर्थही उरला नसता. कारण घरी बसलेल्याच्या पोटात ते अन्न गेलंच नव्हतं.

भेटू न शकलेल्या पाच माणसांचं काय? ती वगळली आहेत, आणि वगळल्याने आकडा किती हलू शकतो हे तपासता येतं. पाचही जण ठीक होते असं धरलं तर ४६ भागिले ८०, म्हणजे ५७.५ टक्के. पाचही आजारी होते असं धरलं तर ५१ भागिले ८०, म्हणजे जवळपास ६४ टक्के. म्हणजे खरी जोखीम या दोन टोकांच्या मध्येच असणार, आणि निष्कर्ष बदलण्याइतका हा फरक मोठा नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, ती प्रत्येक चौकशीत करावी.

आता प्रिव्हॅलन्स. इन्सिडन्स विचारतो, ठरावीक काळात किती जण नव्याने आजारी पडले. प्रिव्हॅलन्स विचारतो, या क्षणी किती जण आजारी आहेत. लायकमिंगमध्ये या प्रश्नाचं उत्तर तासागणिक बदलतं. १८ तारखेला सकाळी दहा वाजता ते शून्य. रात्री जसजशा उलट्या सुरू होतात तसतसं ते वर चढतं. १९ च्या पहाटेपर्यंत बहुतेकांची लक्षणं सुरू झालेली आहेत आणि बरं कुणी फारसं झालेलं नाही, म्हणून तेव्हा ते ६१ टक्क्यांच्या जवळपास पोचलेलं असणार. त्यानंतर लोक बरे होऊ लागतात. २१ तारखेला दुपारी एखादा अधिकारी गावात येऊन ‘आत्ता कोण आजारी आहे?’ असं विचारत दारोदार फिरला असता, तर त्याला प्रिव्हॅलन्स पुन्हा शून्य मिळालं असतं. त्याचा अहवाल खरा असता, पण त्या अहवालात साथीचा मागमूसही नसता. इन्सिडन्स मात्र २१ तारखेलाही ६१.३ टक्केच राहतो. तो इतिहासाचा हिशोब आहे, पुसला जात नाही.

या दोहोंना जोडणारं एक सूत्र स्लाइडवर असतं: प्रिव्हॅलन्स म्हणजे इन्सिडन्स गुणिले आजाराचा कालावधी. ते खरं आहे, पण त्याला अटी आहेत. नवे रुग्ण येण्याचा वेग स्थिर हवा, बरे होण्याचा किंवा मरण्याचा वेग स्थिर हवा, आणि प्रिव्हॅलन्स फार मोठं नको. मधुमेहासारख्या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या आजारात इन्सिडन्स कमी असूनही प्रिव्हॅलन्स का फुगतं, आणि एका दिवसाच्या पोटबिघाडात इन्सिडन्स प्रचंड असूनही प्रिव्हॅलन्स दोन दिवसांत का गायब होतं, हे त्या सूत्रातून छान समजतं. पण लायकमिंगमध्ये ते आकडे घालून वापरायला गेलं तर फसतं, कारण इथे काहीच स्थिर नाही. शिवाय त्या सूत्रातला इन्सिडन्स हा वेग असतो, दर माणसामागे दर दिवसाला किंवा दर वर्षाला मोजलेला. आपला ६१.३ टक्के हा वेग नाही, ते एक प्रमाण आहे. नावात ‘रेट’ असूनही अटॅक रेट हा काटेकोर अर्थाने दर नव्हे. तेव्हा आजाराचं कारण शोधायचं असेल तर इन्सिडन्स धरावा. दवाखान्यात खाटा किती लागतील आणि सलाईनच्या बाटल्या किती मागवायच्या, हे ठरवायला प्रिव्हॅलन्स धरावं. लायकमिंगचा प्रश्न कारणाचा आहे, म्हणून प्रिव्हॅलन्स इथेच सोडून पुढे जाऊ.

४६ जण आजारी पडले, पण कशाने? पहिला मोह असा होतो की आजाऱ्यांना रांगेत उभं करून काय खाल्लं ते विचारायचं आणि ज्या पदार्थाचं नाव निम्म्याहून जास्त जण घेतील त्यावर संशय घ्यायचा. ४६ आजाऱ्यांपैकी २९ जणांनी हॅम खाल्लं होतं, म्हणजे ६३ टक्क्यांनी. २७ जणांनी केक खाल्ला होता. एकट्या आजाऱ्यांची यादी हातात असेल तर हॅमवर संशय घ्यायला पुरेसं वाटतं. पण हॅम लोकप्रिय होतं, एवढंच त्यातून कळतं. ७५ पैकी ४६ जणांनी ते खाल्लं होतं. विचारायचा प्रश्न उलट दिशेचा आहे: हॅम खाणाऱ्यांपैकी किती आजारी पडले, आणि न खाणाऱ्यांपैकी किती? खाणारे ४६, त्यांपैकी २९ आजारी, म्हणजे ६३ टक्के. न खाणारे २९, त्यांपैकी १७ आजारी, म्हणजे ५८.६ टक्के. हॅमला हात न लावणारेही जवळपास तेवढेच आजारी पडले. पहिल्या टक्केवारीला दुसरीने भागलं की १.०८ येतं. हीच रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे सापेक्ष जोखीम. ती एकाच्या आसपास असेल तर त्या पदार्थाने आजारात काही भर घातलेली दिसत नाही. केकसाठी ती १.२४ येते, पालकासाठी एकाच्या किंचित खाली. एकेक पदार्थ असा तपासत गेलं की बहुतेक सगळे एकाच्या आगेमागे घोटाळताना दिसतात. एक पदार्थ मात्र बाहेर पडतो.

| व्हॅनिला आइस्क्रीम | आजारी | ठीक | एकूण |
|---|---|---|---|
| खाल्लं | ४३ | ११ | ५४ |
| नाही खाल्लं | ३ | १८ | २१ |
| एकूण | ४६ | २९ | ७५ |

खाणाऱ्यांमध्ये अटॅक रेट ४३ भागिले ५४, म्हणजे ७९.६ टक्के. न खाणाऱ्यांमध्ये ३ भागिले २१, म्हणजे १४.३ टक्के. रिलेटिव्ह रिस्क ५.६. वाक्यात सांगायचं तर, व्हॅनिला खाल्लेल्यांची आजारी पडण्याची जोखीम न खाल्लेल्यांच्या साडेपाच पटींहून थोडी जास्त होती. हे वाक्य जसंच्या तसं खरं आहे, कारण दोन्ही छेदांत माणसं पूर्ण मोजलेली आहेत.

पण व्हॅनिला न खाता आजारी पडलेले ते तिघे कोण? त्यांना बाजूला सारता येत नाही, कारण ५.६ हा आकडा त्यांच्याच खांद्यावर उभा आहे. शक्यता अनेक. एखाद्याने व्हॅनिला खाल्लं असेल आणि विसरला असेल. वाढायचा चमचा दोन्ही आइस्क्रीममध्ये फिरला असेल. एखाद्याचं पोट वेगळ्याच कारणाने बिघडलं असेल. समजा तिघांपैकी एकाच माणसाची आठवण चुकली होती आणि त्याने व्हॅनिला खाल्लंच होतं. मग खाणारे ५५ आणि त्यांपैकी ४४ आजारी, न खाणारे २० आणि त्यांपैकी २ आजारी. ८० टक्के भागिले १० टक्के, रिलेटिव्ह रिस्क थेट ८. एका माणसाच्या एका उत्तराने ५.६ चे ८ झाले. संशयित पदार्थ दोन्ही हिशोबांत तोच राहतो, पण ‘नेमके किती पट’ या भागावर फार विसंबू नये हे यातून दिसतं. ९५ टक्के विश्वासमर्यादा हेच गणिती भाषेत सांगते: मूळ कोष्टकासाठी ती साधारण १.९ ते १६ अशी येते. एवढा रुंद पट्टा का, तर एका चौकटीत फक्त तीन माणसं आहेत म्हणून. आणि तो संपूर्ण पट्टा एकाच्या वर आहे, म्हणून व्हॅनिलावरचा संशय टिकतो.

आता ऑड्स रेशो. आजारी आणि ठीक यांचं परस्पर प्रमाण म्हणजे ऑड्स. व्हॅनिला खाणाऱ्यांत ४३ आजारी आणि ११ ठीक, म्हणजे ऑड्स ३.९. न खाणाऱ्यांत ३ आजारी आणि १८ ठीक, म्हणजे एक षष्ठांश. यांचा भागाकार, किंवा कोष्टकात तिरका गुणाकार करून:

```
(४३ × १८) ÷ (११ × ३) = ७७४ ÷ ३३ = २३.५
```

तीच माणसं, तेच कोष्टक, आणि एक आकडा ५.६ तर दुसरा २३.५. आता याला ‘व्हॅनिला खाल्ल्याने आजारी पडण्याची शक्यता २३ पट झाली’ असं वाचून बघा. न खाणाऱ्यांची जोखीम १४.३ टक्के. तिची २३.५ पट म्हणजे ३३५ टक्के. शंभरातून तीनशे पस्तीस माणसं आजारी पडू शकत नाहीत. न खाणाऱ्यांची जोखीम १४.३ टक्के असताना रिलेटिव्ह रिस्क जास्तीत जास्त ७ पर्यंत जाऊ शकते, कारण सगळेच्या सगळे खाणारे आजारी पडले तरी शंभर भागिले १४.३ म्हणजे सातच. ऑड्सला अशी कमाल मर्यादा नसते. ठीक राहिलेले लोक कमी होत गेले की ऑड्स अफाट वाढतो. शोधनिबंधात मोठा ऑड्स रेशो आणि सर्वसामान्य आजार एकत्र दिसले, की हा गुणाकार लगेच करून पाहावा. शंभराच्या वर गेला तर वाक्य लिहिणाऱ्याने ऑड्स आणि जोखीम यांची गल्लत केलेली आहे.

हॅमच्या बाबतीत दोन्ही आकडे जवळजवळ असतात: रिलेटिव्ह रिस्क १.०८, ऑड्स रेशो १.२. संबंध नसेल तेव्हा दोन्ही एकाला चिकटून राहतात. संबंध जसा घट्ट होतो आणि आजार जसा सर्रास होतो, तसा ऑड्स रेशो एकापासून जास्त दूर पळतो. दिशा दोघांची नेहमी एकच असते, फक्त अंतर वेगळं.

मग हा आकडा शिकवायचाच कशाला? कारण प्रत्येक साथीत यजमानाकडे पाहुण्यांची यादी नसते. समजा तेच आइस्क्रीम चर्चच्या तळघराऐवजी एखाद्या शहराच्या जत्रेत विकलं गेलं असतं. किती हजार लोकांनी खाल्लं, किती जणांनी नाही, कुणालाच ठाऊक नाही. तपासणाऱ्याच्या हातात फक्त दवाखान्यात आलेले ४६ रुग्ण. तो जत्रेला आलेले, पण ठीक राहिलेले काही लोक शोधतो आणि त्यांनाही तेच प्रश्न विचारतो. हा केस-कंट्रोल अभ्यास. त्याने ठीक असलेले २९ लोक निवडले आणि त्यांतल्या ११ जणांनी व्हॅनिला खाल्लेलं निघालं, तर कोष्टक वरच्यासारखंच दिसेल. पण त्याने उत्साहाने दुप्पट, म्हणजे ५८ लोक निवडले असते तर? खाण्याचं प्रमाण तेच असेल, म्हणून २२ जणांनी खाल्लेलं आणि ३६ जणांनी नाही. आता त्या कोष्टकातून आडव्या रांगा धरून ‘रिलेटिव्ह रिस्क’ काढली, तर ४३ भागिले ६५, म्हणजे ६६ टक्के, आणि ३ भागिले ३९, म्हणजे ७.७ टक्के. उत्तर ८.६. आजार तोच, आइस्क्रीम तेच, फक्त कंट्रोल जास्त घेतले आणि ‘जोखीम’ ५.६ वरून ८.६ झाली. म्हणजे हा आकडा आजाराबद्दल काही सांगत नाही, तपासणाऱ्याने किती लोकांना गाठलं ते सांगतो. केस-कंट्रोल अभ्यासात रिलेटिव्ह रिस्क थेट काढू नये या नियमाचं कारण हेच: तिथले छेद तपासणाऱ्याने स्वतः ठरवलेले असतात.

त्याच कोष्टकाचा ऑड्स रेशो काढा: ४३ गुणिले ३६, भागिले २२ गुणिले ३. पुन्हा २३.५. कंट्रोल दहापट घेतले तरी २३.५. ठीक लोकांची संख्या वाढली की ती वरही येते आणि खालीही येते, आणि कटून जाते. ऑड्स रेशोचा खरा गुण हा आहे. तो आजाऱ्यांकडून मागे बघत काढा किंवा खाणाऱ्यांकडून पुढे बघत काढा, उत्तर एकच.

याच खेळातून दुसरी गोष्टही दिसते. आता समजा दहापट ठीक माणसं तपासणाऱ्याने निवडलेली नसून खरोखरच जेवायला आलेली होती. म्हणजे आजार पुष्कळ विरळ होता: ११० जणांनी खाल्लं आणि ठीक राहिले, १८० जणांनी नाही खाल्लं आणि ठीक राहिले, आजारी तेच ४६. मग रिलेटिव्ह रिस्क १७ येते. शंभरपट धरली तर २२.६. ऑड्स रेशो आपल्या जागी २३.५ वर उभा आहे, आणि आजार विरळ होत जाईल तशी रिलेटिव्ह रिस्क त्याच्याकडे सरकत येते. जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली हेच दाखवलं: आजार दुर्मीळ असेल तर केस-कंट्रोल अभ्यासातला ऑड्स रेशो सापेक्ष जोखमीच्या जागी धरता येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाला ते लागू पडतं. दर शंभरात एकसष्ट जण आजारी पडलेल्या लायकमिंगला मुळीच लागू पडत नाही.

केस-कंट्रोलमध्ये खरा धोका मात्र गणिताबाहेर असतो: कंट्रोल कुठून निवडले. लायकमिंगमध्ये एखाद्याने सोय म्हणून आजाऱ्यांच्या घरातले, जेवणाला न गेलेले नातेवाईक कंट्रोल म्हणून घेतले असते तर? त्यांच्यापैकी कुणीच व्हॅनिला खाल्लेलं नसतं. पण हॅमही खाल्लेलं नसतं, पालकही नाही, केकही नाही. प्रत्येक पदार्थाचा ऑड्स रेशो आभाळाला भिडला असता आणि सगळा स्वयंपाक एकसारखा दोषी ठरला असता. ज्याला तो पदार्थ खायची संधी होती, आणि आजारी पडला असता तर जो आपल्या रुग्णांच्या यादीत आला असता, तोच योग्य कंट्रोल.

आता चॉकलेट आइस्क्रीम, आणि या कोष्टकातली सर्वांत शिकवणारी गोष्ट. एका माणसाने ते खाल्लं की नाही याची नोंद नाही, म्हणून इथे ७४ जण आहेत. चॉकलेट खाणारे ४७, त्यांपैकी २५ आजारी, म्हणजे ५३ टक्के. न खाणारे २७, त्यांपैकी २० आजारी, म्हणजे ७४ टक्के. रिलेटिव्ह रिस्क ०.७२. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी यावर लिहील की चॉकलेट आइस्क्रीम आजारापासून संरक्षण देतं. तसं खरंच असेल का?

उत्तर त्याच आकड्यांत आहे. व्हॅनिला न खाता आजारी पडलेले एकूण तीनच होते. म्हणून चॉकलेट न खाल्लेल्या २० आजाऱ्यांपैकी निदान १७ जणांनी व्हॅनिला खाल्लेलंच असणार. ‘चॉकलेट न खाणारे’ हा गट म्हणजे मोठ्या प्रमाणात ‘फक्त व्हॅनिला घेणारे’ हा गट आहे, आणि त्यांचा ७४ टक्के अटॅक रेट व्हॅनिला खाणाऱ्यांच्या ७९.६ टक्क्यांच्या अगदी जवळ आहे. उलट व्हॅनिला टाळणारे लोक चॉकलेट खाणाऱ्यांच्या गटात गोळा झाले असणार, आणि त्यांनी त्या गटाची सरासरी खाली ओढली. चॉकलेटने कुणाला वाचवलं नाही. ज्यांनी चॉकलेट निवडलं त्यांच्यापैकी काहींनी व्हॅनिला सोडलं, एवढंच. याला कन्फाउंडिंग म्हणतात. ते ओळखायची रीत अशी: व्हॅनिला खाल्लेल्यांना एका बाजूला आणि न खाल्लेल्यांना दुसऱ्या बाजूला करून, दोन्ही गटांत चॉकलेटचं वेगळं कोष्टक मांडायचं. आधीचा ०.७२ त्या दोन कोष्टकांत एकाकडे सरकला, तर तो व्हॅनिलाची सावली होता. चारही स्लाइड बरोबर पाठ असूनही नेमका हाच टप्पा चुकतो, कारण प्रत्येक पदार्थाचं कोष्टक सुटं मांडलं की पदार्थांचं एकमेकांशी असलेलं नातं त्यात दिसतच नाही.

आकड्यांनी व्हॅनिलाकडे बोट दाखवलं, तरी संबंध म्हणजे कारण असं म्हणायला आणखी पुरावा लागतो. इथे तो होता. लक्षणं सुरू व्हायला जेवणानंतर साधारण ३ ते ७ तास लागले आणि ताप नव्हता. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूने अन्नात आधीच तयार करून ठेवलेल्या विषाचं हे नेहमीचं चित्र आहे. जिवाणूला पोटात जाऊन वाढायचं नसतं, म्हणून त्रास इतक्या लवकर सुरू होतो. जेवणाची वेळ सुमारे निम्म्याच आजाऱ्यांची मिळाली होती, तरी चित्र स्पष्ट होतं. एक मूल तर संध्याकाळच्या जेवणाआधीच आजारी पडलं. सकाळी अकराच्या सुमारास आइस्क्रीम गोठवण्याचं काम बघत उभं असताना त्याला व्हॅनिलाची वाटी मिळाली होती. बाकी कुठलाही पदार्थ तेव्हा मांडलेलाही नव्हता. कोष्टकात हे मूल ४३ पैकी एक आहे, पण पुरावा म्हणून त्याचं वजन एकाहून जास्त आहे.

मिश्रण आदल्या दिवशी, १७ तारखेला दुपारी केलेलं होतं: न तापवलेलं दूध उकळीला आणून त्यात साखर, अंडी आणि थोडं पीठ. संध्याकाळी सहाला व्हॅनिलाचं आणि चॉकलेटचं मिश्रण झाकलेल्या भांड्यांतून चर्चच्या तळघरात नेलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी त्यांत व्हॅनिलाचा अर्क आणि डबाबंद आटवलेलं दूध मिसळलं. आधी व्हॅनिला गोठवलं, मग तेच गोठवण्याचं भांडं नळाच्या पाण्याने विसळून त्यात चॉकलेट. ऑल्बनीच्या प्रयोगशाळेला व्हॅनिलामध्ये स्टॅफिलोकोकस मोठ्या संख्येने सापडले, चॉकलेटमध्ये थोडेच. फक्त विसळलेल्या त्या भांड्यातून थोडे जिवाणू पुढे गेले असतील, तर व्हॅनिला न खाता आजारी पडलेल्या तिघांबद्दलची आणखी एक शक्यता तिथे उघडते.

आइस्क्रीम करणाऱ्या दोघींच्या अंगावर जखम नव्हती, सर्दी-पडसंही नव्हतं. त्यांच्यापैकी एकीच्या नाकातल्या नमुन्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस मिळाला. पण हा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतो, त्यामुळे तेवढ्यावरून दोष ठरत नाही. दोन्ही मिश्रणं एकाच दिवशी बनली आणि एकाच तळघरात रात्रभर राहिली. तरी व्हॅनिलामध्येच जिवाणू इतके का वाढले, आणि ते त्यात नेमके कुठून आले, हे चौकशीअखेर निश्चित झालं नाही.